दीड की अडीच

माझ्या धाकट्या भावाला सगळं गिऱ्हाईक ‘आलोच’ म्हणतं. सोफा-खुर्च्यांच्या गाद्या बसवायचा त्याचा धंदा. हात सोन्याचा, पण वेळेच्या नावानं बोंब. फोनवर “आलोच” म्हणाला की समजावं, आज काही हा उगवत नाही.

गिऱ्हाइकाचं एक वेळ ठीक आहे. पण नवरा-बायको वेगळे झाले, लेक आईकडे राहिली आणि बापलेकीची भेट फोनवर ठरायला लागली. फोन नेहमी दुकानात यायचा. तिथं कापड ठोकायच्या मशीनची फटफट, आणि हा फोन खांद्यात दाबून बोलणार. मागच्या वेळी पोरीची आई म्हणते, मी ‘दीड’ म्हणाले. हा म्हणतो, ‘अडीच’ म्हणाली. नऊ वर्षांची पोर बागेच्या फाटकाशी बाकावर तासभर बसली. आईनं फोन लावले, तेव्हा हा स्कूटरवर. अडीचला पोचला तर बाक रिकामा.

खरं कोण, देव जाणे. लिहिलेलं कुठं काही नव्हतं. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “फोनवर ठरलं की लगेच मेसेज करायचा, समोरच्यानं होकार लिहायचा. पुन्हा चुकामूक झाली तर मला कळवावं लागेल, आणि भेटी कमी होऊ शकतात.”

शनिवारी सकाळी पोरीच्या आईचा फोन आला. बोलणं झालं, हा लागला परत मशीनला.

“मेसेज केलास?” मी विचारलं. मी शेजारीच गाद्यांच्या खोळी शिवत होते.

“करतो गं ताई. ठरलंय आमचं. शब्द दिलाय.”

“तुझा शब्द घेऊन गिऱ्हाईक दारात उभं असतं बाबा. लिही!”

तोंड वाकडं करून लिहायला बसला. बराच वेळ लिहीत होता, म्हणून मी डोकावले. अख्खं पुराण! मागच्या वेळी चूक तुझी होती, तू नेहमीच अशी, तुझ्या भावानंही तेव्हा... मी फोन हिसकावून सगळं पुसलं.

“भांडण कळवायचंय की वेळ?”

मग मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं: “आज सकाळी फोनवर ठरल्याप्रमाणे उद्या, रविवारी दुपारी दीड (१:३०) वाजता बागेच्या मोठ्या फाटकाशी मी मुलीला घ्यायला येतो. साडेपाचला तिथंच आणून सोडतो. बरोबर असेल तर ‘हो’ लिही, नसेल तर दुरुस्त कर.”

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या.

“वाचलं तिनं! झालं.”

“वाचणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. थांब.”

थांबणं त्याच्या पत्रिकेतच नाही. खुर्चीचं कापड उलटं लावलं, उसवलं, पुन्हा उलटंच लावलं. फोन पालथा ठेवी, लगेच सुलटा करी. चहा गार केला. “मुद्दाम करतेय,” म्हणाला. मग म्हणाला, “तिचा फोन बंद पडला असेल.” मग मशीनच बंद करून टाकलं, उगाच मेसेजचा आवाज ऐकू यायचा नाही म्हणून. त्या शांततेत मलाही सुई ओवता येईना. वरवर मी त्याला चिडवत होते, पण जीव माझाही टांगणीलाच होता. भाची आहे माझी.

दुपार कलल्यावर उत्तर आलं: “दीड नाही. अडीच (२:३०). बाकी बरोबर.”

भाऊ बघतच राहिला. “मी तर स्पष्ट दीड ऐकलं!”

“मागच्या वेळी अडीचही स्पष्टच ऐकलं होतंस.”

त्यानं मुकाट्यानं लिहिलं: “हो. रविवार, दुपारी अडीच.” पलीकडून “हो” आलं. त्याच्या पाठोपाठ आणखी एक, आईच्याच फोनवरून, पण अक्षर-अक्षर शोधून टाइप केलेलं: “बाबा मीपण वाचलं आता लेखी आहे हां”

त्यानं ते वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी डोळे पुसले. तो कापडाचे तुकडे गोळा करत बसला, जमिनीवर एकही नव्हता तरी.

रविवारी जेवण अर्धं टाकून उठला, स्कूटरची किल्ली घेतली. मी घड्याळाकडे पाहिलं.

“अरे, अडीच ठरलंय. आत्ता निघालास तर दीडलाच पोचशील. मोबाइलमध्ये बघ हवं तर.”

“पाहिलंय.”

“मग तासभर त्या बाकावर बसून करणार काय?”

“ती काय करत बसली होती, ते बघतो,” म्हणाला, आणि गेला.