एक डिचकी, तीन रकाने

मी लिहावं असं माझ्याकडं खरं तर काही नाही, आणि लिहायची सवयही नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. कंग्राळीच्या आमच्या घरातून मी पहिलाच कॉलेजात गेलो आणि त्यामुळं घरातल्यांची रोजची बोली एका कागदापुढं बंद झाली.

झालं असं की मराठीच्या मॅडमनी प्रकल्प दिला : स्वयंपाकघरातले शब्द, तीन पिढ्या, तीन रकाने. वस्तू दाखवायची, आपण नाव घ्यायचं नाही, समोरचा काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहायचं. प्रत्येकाला वेगळं विचारायचं.

मी (वेळ वाचावा म्हणून!) आज्जी, आई आणि धाकटी स्वाती, तिघींना एकदम बसवलं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, प्रकल्पाचा फॉर्म हातात घेतला. पहिल्याच ओळीला ते ताठ उभे राहिले.

"मातृभाषा? कोण इचारतंय?"

"कॉलेज, आप्पा."

"आज कॉलेज इचारतंय, उद्या सरकार मोजतंय. सगळ्यांनी सांबाळून बोला. एक कानडी शब्द कागदावर जायचा न्हाय!"

आमच्या सीमाभागात कागद घेऊन भाषा विचारायला आलेल्या माणसाला साधं उत्तर मिळत नाही. आज्जीनं डोक्यावर पदर घेतला, फोटोला बसतात तशी बसली. मी डिचकी दाखवली.

"पातेले," आज्जी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा!

भाकरीची बुट्टी दाखवली. आज्जीनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान हलवली. "टोपली," आज्जी म्हणाली. आईनं तर डावाला 'मोठा चमचा' म्हटलं, आणि तोच डाव मागायला ती रोज सकाळी गल्ली जागी करते. स्वातीनं दोघींचं बघून तेच लिहायला सांगितलं. मीही इमानदारीनं लिहिलं.

मॅडमनी कागद बघितला. "आजी, आई आणि बहीण, तिघींचे शब्द एकच?"

"हो मॅडम. आमच्यात एकी लई आहे."

"हा प्रकल्प नाही, पाठ्यपुस्तक आहे. सोमवारी नीट करून आणा, नाहीतर मी घेणार नाही."

प्रकल्प नाही तर मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत तर वर्ष गेलं. घरी येऊन मी तो कागद पुढ्यात घेऊन बसलो. आज्जी शेजारी येऊन बसली.

"काय झालं रं?"

सांगितलं. ती पदराचं टोक पिळत म्हणाली,

"मला वाटलं, आडाणी म्हातारीचं बोलणं कागदावर गेलं तर मास्तरीण तुला नापास करंल. म्हणून गिळलं सगळं."

"आज्जे, त्येच तर पायजे होतं."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय, शाण्या?" आज्जी उठली. "त्यो कागद ठेव तिकडं. बसून इचारल्यावर कोण खरं बोलतंय? ऊठ, मुगाचं कोरड्यास तू कर. आमी सांगतो."

(कोरड्यास म्हणजे आमच्याकडं भाकरीबरोबरचं कालवण.) तिघींना विचारून मी फोन आवाज भरायला लावला. आप्पांना रानात पाठवलं.

"इळी घे, कांदा चीर," आज्जी.

"विळीवर बोट कापंल त्यो," आई.

"दादा, हा घे चाकू," स्वाती.

मी चाकूनंच बोट कापलं. फोडणीत मोहरी उडाली, मूग पडले, पाणी जरा (आईच्या मते घागरभर) जास्त झालं आणि फेस वर आला.

"औलावर सरकीव!" आज्जी ओरडली. चूल जाऊन जमाना झाला, पण चुलीचं ते बाजूचं मंद तोंड आज्जीनं गॅसच्या लहान बर्नरला देऊन टाकलंय.

"बारीक गॅसवर ठेव!" आई.

"अरे, सिम कर ना!" स्वाती.

तीन पिढ्या, तीन रकाने, एका दमात! मी आनंदानं फोनकडं बघितलं आणि कोरड्यास ओट्यावरून भाकरीकडं निघालं.

"आगंऽ, डिचकी लई तापल्या! डाव कुठं ठेवलास? बुट्टी उचल, भाकऱ्या भिजत्यात!" मी ओरडलो.

त्या दिवशी सगळे पातळ कोरड्यास खाऊन हसत होते. आज्जी सर्वांत जास्त.

रात्रभर ऐकून मी सगळं उतरवून काढलं. अभ्यास करणाऱ्यानं मधे बोलू नये असं मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून भीतीनं माझ्या ओरडण्यापुढं 'इतर' एवढंच लिहिलं. सोमवारी दिलं. मग पंधरा दिवस काहीच कळेना. आज्जी रोज विचारायची, "मास्तरीण काय म्हणाली?"

काल मॅडमचा निरोप आला : "प्रकल्प उत्तम, स्वीकारला. आजीच्या पिढीचे शब्द फार मोलाचे. फक्त त्या 'इतर' आजोबांचं वय लिहायचं राहिलंय, तेवढं विचारून कळवा."