कच्च्या चण्यांवरचा आळ

धरमपेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत जॉर्डनहून शिकायला आलेले दोन विद्यार्थी भाड्याने राहत. त्यातला धाकटा कावीळ होऊन गेला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे दूषित अन्नातून किंवा पाण्यातून येतं. तेवढं एक वाक्य आईनं धरून ठेवलं आणि त्यातला ‘अन्न’ हा शब्द घट्ट पकडला.

तो गेल्यावरही संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजतात, असं आई म्हणायची. मांजर असेल, असं मी म्हणायचे. आमच्याकडे मांजर नव्हतं, आणि पावलं मलाही ऐकू येत होती. मला भीती वाटायची, पण घरात दोघी घाबरल्या तर स्वयंपाक कोण करणार?

अन्न म्हणजे आईच्या लेखी एकच पदार्थ, फलाफल. दर रविवारी ती दोघं आमच्या स्टोव्हवर ते तळायची. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, शिजवायचे मात्र नाहीत. निथळून, कापडावर कोरडे करून, कांदा, लसूण, जिरं आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून पाट्यावर जाडसर वाटायचे आणि चपटे गोळे तळायचे. भिजवलेल्या डाळीचे वडे आम्हीही करतो, त्यात आईला काही वावगं वाटत नसे. पण काबुली चणा न उकडता खायचा, हे तिच्या पोटाला कधी पटलंच नाही.

चाळिसाव्या दिवशी थोरल्यानं ठरवलं की गेलेल्याच्या नावानं सगळ्या मित्रांना फलाफल खाऊ घालायचे. चणे त्यानं आमच्याच पातेल्यात भिजवले. सकाळी तो कबरस्तानात गेला आणि आईनं ते चणे उकडले. शिवाय पाट्यावर गंधासारखे मऊ वाटूनही ठेवले. मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कच्चे चणे खाऊनच गेलं ते पोरगं. मी दुसऱ्याले नाही खाऊ देणार."

थोरला परतला. आईला तो मौसी म्हणायचा; मौसीनं मदत केली म्हणून बिचारा खूश झाला. तेलात पिठाचा कण टाकला, तो बुडबुड्यांसह वर आला, तेल तयार होतं. मग त्यानं चार गोळे सोडले. ते बघता बघता विरघळले, कढईभर फेस आणि रवाळ गाळ झाला. तेल थंड असेल म्हणून त्यानं आच वाढवली. पुढचे गोळे काळे पडून फुटले. मी बेसन सुचवलं. त्यानं मान हलवली, उरलेलं वाटण बोटांत चोळून पाहिलं आणि आईकडे पाहिलं.

आईनं लपवलं नाही. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो मोडक्या हिंदीत हळू आवाजात समजावत राहिला, की कच्च्या भिजल्या चण्याचं वाटण गरम तेलात आवळून येतं, एकदा उकडला की त्याची पकड जाते. आणि तळताना तो आतपर्यंत शिजतोच. मग त्यानं मित्रांना उद्या यायला सांगितलं आणि पुन्हा चणे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी तळायला आई स्वतः बसली. थोरला शेजारी उभा राहून सांगत होता. एका वेळी थोडेच सोडायचे, नाहीतर तेल निवतं आणि गोळे तेल पिऊन सुटतात. खालची बाजू धरेपर्यंत झारा लावायचा नाही. आच फार मोठी केली तर वरून लाल, आत कच्चे. आईनं सगळं ऐकलं. एकही गोळा फुटला नाही. सांबाराचा तो वास घरभर पसरला आणि माझी नजर आपोआप जिन्याकडे गेली. आईचीही गेली.

पहिला घाणा निथळल्यावर तिनं एक गोळा मोडला. आतून हिरवा, वाफाळलेला. तिनं नखानं उकरून पाहिलं, दुसरा मोडला, तिसरा मोडला. ती कच्चा दाणा शोधत होती. तो सापडावा असं तिला किती वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं.

"हे तर आतून शिजलं आहे वं," ती मला म्हणाली. मग थांबून, "मंग पाणीच होतं. आपल्या घरचं."

मी तिला सांगायला हवं होतं, की ती मुलं बाहेरही खात-पीत होती, कुठलं पाणी बाधलं ते कोणी सांगू शकत नाही. सांगितलंही. तिनं ऐकलं नाही.

मित्र आले, जमिनीवर बसून जेवले. धाकटा गेल्यापासून थोरल्यानं पहिल्यांदाच पोटभर खाल्लं. जेवता जेवता त्यानं आईकडे पाणी मागितलं. आई उठली, माठातून तांब्या भरला आणि तिथंच उभी राहिली. त्यानं हात पुढे केला होता. तिनं तो तांब्या मोरीत ओतला आणि स्टोव्हवर पाणी उकळायला ठेवलं. ते उकळून निवेपर्यंत सगळे हात खरकटे ठेवून बसून राहिले.