वर्गालाही रिलीव्हर लागतो

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘समन्वयक’ असं छापलंय. प्रत्यक्षात मी लोकांच्या हातापाया पडते. आमच्या संस्थेत पगारी माणसं तीन: संस्था काढणाऱ्या ताई, अर्धा दिवस हिशेब बघणारे एक काका आणि मी. बाकी सगळा गाडा स्वयंसेवकांवर. ते आणायचे, त्यांना वार लावून द्यायचे आणि ते टिकतील असं बघायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणताना अजूनही मला हसू येतं.

चाकणला कांदा मार्केटच्या मागे गावच्या मंडळाचा एक हॉल आहे. तिथे सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात आमचा वाचनाचा वर्ग भरतो. बीड, लातूर, परभणीकडून कंपन्यांत कामाला आलेल्यांची मुलं. पाचवीत असतात, पण दुसरीचा धडा अडखळत वाचतात. वर्गाचा नियम एकच आणि तो कडक: दोन मोठी माणसं असल्याशिवाय दार उघडायचं नाही. एकट्या माणसावर मुलं सोपवायची नाहीत, मग तो माणूस कितीही सज्जन असो. त्यामुळे एक स्वयंसेवक गैरहजर राहिला की आलेला दुसराही फुकट जायचा.

माणसं मिळत नव्हती असं मात्र नाही. कंपन्यांच्या परवानगीने मी कॅन्टीनमध्ये उभी राहायचे. वरण आणि भात यांच्या मध्ये पाच मिनिटं बोलायला मिळायची. लोक ऐकायचे, माना डोलवायचे, नावं द्यायचे. त्यातले निम्मे प्रशिक्षणाला यायचे नाहीत. जे यायचे त्यातला एखादा पहिला प्रश्न विचारायचा, “मॅडम, सर्टिफिकेट कधी मिळणार?” एका कंपनीला एका शनिवारी पन्नास माणसं पाठवून आमच्या हॉलची भिंत रंगवून द्यायची होती. ती भिंत आधीच्या तीन कंपन्यांनी रंगवलेली होती. मी म्हटलं, पन्नास जण एकदा नकोत, दोन जण पन्नास वेळा द्या. पलीकडच्या साहेबांनी फोन ठेवला.

जे खरंच यायचे, ते मनापासून यायचे. तरी तिसऱ्या आठवड्यात सगळं कोसळायचं. मी प्रत्येकाला वार ठरवून दिला होता, तुझा मंगळवार, तुझा गुरुवार, आणि तो तक्ता ग्रुपवर टाकून मी स्वतःवर खूश होते. पण या पट्ट्यात माणसाचं आयुष्य वारावर चालत नाही, शिफ्टवर चालतं. या आठवड्यात फर्स्ट असली की माणूस साडेतीनला मोकळा. पुढच्या आठवड्यात सेकंड, म्हणजे रात्री बारापर्यंत कंपनीत. माझा तक्ता एक आठवडा खरा आणि एक आठवडा खोटा असायचा. मग दुपारी मी ग्रुपवर विचारायचे, “आज कोण येऊ शकेल?” खाली अंगठ्यांची रांग लागायची. अंगठा म्हणजे येतो, की वाचलं, की चांगला उपक्रम आहे, हे मला कधीच कळलं नाही. शेवटी मीच निगडीहून बस पकडून चाकणला पोचायचे आणि उभी राहायचे.

हे ताईंच्या लक्षात आलं. एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं.

“महिन्यात किती वेळा तू स्वतः वर्ग घेतलास?”

“मोजलं नाही,” मी म्हटलं. मोजलं होतं.

“तू वर्ग घ्यायचे, मग माणसं कोण आणणार? आपण तिघंच आहोत गं.” ताई कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. “आता दोन गोष्टी. यापुढे तू जागा भरून काढायची नाहीस. आणि पोरं एकदा जरी कुलूप बघून परत गेली, तर चाकणचा वर्ग आपण बंद करू. कुलूप दाखवण्यापेक्षा वर्ग नसलेला बरा.”

मला राग आला, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. वर्ग बुडतो त्या दिवशी मुलं हॉलच्या पायरीवर बसून राहतात, हे मी पाहिलं होतं. एका मुलीला नुकतीच जोडाक्षरं सुटायला लागली होती. दुकानाच्या पाट्या ती मोठ्याने वाचत घरी जायची. वर्ग बंद झाला तर तिला दुसरं कोणी शिकवणार नव्हतं. मला तिचीच काळजी लागून राहिली.

त्याच संध्याकाळी माझ्या सगळ्यात चांगल्या स्वयंसेवकाचा फोन आला. बीडचा मुलगा, एका कंपनीत मशीन चालवायचा. मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची.

“मॅडम, पुढच्या आठवड्यात न्हाई जमणार. सेकंड लागली.”

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी खेकसले, “तू सेकंडला, मग फर्स्टला तुझ्या मशीनवर कोण असतं? भूत?”

“न्हाई ओ. माझा रिलीव्हर असतो की.”

“तो साडेतीनला सुटल्यावर काय करतो?”

“रूमवर जाऊन झोपतो.”

“मग त्याला घेऊन ये!”

फोन ठेवला आणि मगच मी काय ऐकलं ते लक्षात आलं. रिलीव्हर हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी सोडून निघता येत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत तिथेच थांबायचं. दाराशी उशिरा चपला वाजल्या की आई विचारायची, “रिलीव्हर आला नाही का?” माझ्या शाळेच्या गॅदरिंगला मी दोन वर्षं नाचले आणि दोन्ही वर्षं बाबांची खुर्ची रिकामी होती. त्या रिलीव्हर नावाच्या न पाहिलेल्या माणसाचा मी मनापासून द्वेष करायचे. आणि इतकी वर्षं हे घरात ऐकून मी वर्गाचा तक्ता बनवला तो शाळेच्या वेळापत्रकासारखा.

बीडच्या मुलाचा रिलीव्हर पुढच्याच आठवड्यात आला. ओळखपत्राची प्रत, प्रशिक्षण, एक दिवस नुसतं मागे बसून बघणं, हे सगळं त्यालाही चुकलं नाही. मग मी सगळा तक्ताच मोडला. वार माणसाला द्यायचा नाही, जोडीला द्यायचा; एका वाराला दोन जोड्या. दोन शिफ्टच्या कंपनीत एकाच मशीनवरची दोन माणसं म्हणजे त्यातलं एक संध्याकाळी मोकळं असणारच. ज्याची फर्स्ट, त्याचा वर्ग. ज्याची सेकंड, त्याला सुट्टी. नवीन माणूस शोधायला मी कॅन्टीनमध्ये भाषण देणं थांबवलं. जो आहे त्यालाच सांगायचे, तुझा रिलीव्हर तू आण. रोज साडेपाचला सुटणाऱ्या जनरल शिफ्टवाल्यांनी आपली जोडी आपल्या विभागात शोधली. आणि शेवटचा नियम: यायला जमत नसेल तर मला फोन करायचा नाही, जोडीदाराला करायचा.

हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात जड मलाच गेलं.

पण यातून एक गोष्ट आपोआप घडली, जी मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकवली नव्हती. शिफ्ट बदलताना ही माणसं मशीनजवळ दोन-चार मिनिटं भेटतात. टूल कधी बदललं, कुठे आवाज येतोय, हे एकमेकांना सांगतात. त्यातच आता मुलंही आली. “पाट्या वाचणारी पोरगी ‘र्य’ला अडायलीय,” बीडचा सांगायचा आणि पुढच्या मंगळवारी त्याचा रिलीव्हर बरोबर ‘सूर्य’ काढून बसायचा. पूर्वी कंटाळून गळणारी माणसं आता गळेनात. एक आठवडाआड सुट्टी मिळते, घरचेही कुरकुरत नाहीत. आणि आपण नाही आलो तर आपल्याच माणसाला तोंड दाखवायचं असतं, संस्थेच्या मॅडमला नव्हे. मॅडमला टांग देणं सोपं होतं.

तरी माझी धास्ती गेली नव्हती. महिनाअखेरीच्या एका मंगळवारी ती उफाळून आली. मी चाकणलाच एका कंपनीत बोलणी करायला गेले होते. फोन आत न्यायला बंदी, गेटवर जमा. पाचच्या पुढे बाहेर आले तर बीडच्या मुलाचा दुपारचा मेसेज: “मॅडम आज ओटी लागला.” एवढंच. ओटी म्हणजे ओव्हरटाइम, म्हणजे तो अजून आतच. मी फोन लावला, तो लागेना. लाइनवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्याचा रिलीव्हर तर सेकंडलाच, म्हणजे तोही आतच. मंगळवारच्या दुसऱ्या जोडीतला मुलगा येणार होता, पण तो एकटा काय करणार? नियमाप्रमाणे दार उघडणार नाही. मुलं कुलूप बघून परत जाणार, आणि वर्ग संपला.

ताईंचा हुकूम मी रस्त्यातच गुंडाळून ठेवला आणि रिक्षा केली. महिनाअखेर, मालाच्या गाड्या, चौकात कंटेनर आडवा. रिक्षावाला म्हणाला, “ताई, आता काय हलत न्हाई हे.” मी उतरले आणि चालायला लागले. पदर खोचून, धुळीत, ट्रकवाल्यांना शिव्या घालत. सहा वाजून गेले होते. कांद्याचा वास आला तशी मी जवळजवळ पळायलाच लागले.

हॉलच्या पायरीवर चपला होत्या. पुष्कळ, लहान-लहान. आत दिवे लागलेले.

मी दारात धापा टाकत उभी राहिले. एका कोपऱ्यात मंगळवारचा मुलगा बसला होता. दुसऱ्या कोपऱ्यात बीडच्या मुलाच्याच कंपनीतली, क्वालिटी विभागातली बाई, जिचा वार गुरुवार, मांडी घालून मुलांना वाचायला लावत होती. माझा जीव भांड्यात पडला.

पाट्या वाचणारी मुलगी मान वर करून म्हणाली, “मॅडम, तुम्ही कामून आल्या? आज तुमचा वार न्हाई.”

सगळे हसले. त्या क्वालिटीवाल्या बाईने सांगितलं, ओटी लागला तसा बीडच्या मुलाने लॉकरमधून फोन काढून मला मेसेज केला आणि लगेच तिला विचारलं. ती साडेपाचला सुटते, सरळ इकडे आली.

दुसऱ्या दिवशी त्याला मी झापलं. “मला का नाही सांगितलंस माणूस मिळाला म्हणून? जीव गेला असता माझा चालून.”

“सांगितलं की, ओटी लागला म्हणून,” तो खरोखर गोंधळून म्हणाला. “बाकीचं तुम्हाला काय सांगायचं? ते आमचं आमी बघतो.”

क्षणभर मला लागलं. मग इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा पाजला.

त्या मंगळवारी मात्र मी तिथे बसले नाही. पाणी प्यायले आणि परत निघाले. निगडीला घरी पोचले तर बाबा ताटावर बसायच्या बेतात होते. माझं ताट नेहमीप्रमाणे झाकून ठेवलेलं होतं, आई बाबांचं ठेवायची तसं. आई गेल्यापासून ते हे काम करतात. मला पाहून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“आज एवढ्या लवकर?”

“रिलीव्हर आला होता,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्या ताटावरचं झाकण काढलं, भाकरी अजून गरम आहे का ते बोटाने पाहिलं आणि सरकून मला शेजारी जागा केली.