मावशीचं घर आणि पाठीवरचं नाव

माझी मावशी शिवणकाम करते आणि कुणावरही चटकन विश्वास ठेवते. मी वकील, घरांचे कागद तपासून देते, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. म्हणून आमचं छान जमतं. साधा खिळाही घरमालकाला विचारून ठोकत आणि तो म्हणेल तेव्हा शिलाई मशीन उचलून मावशीनं आजवर सात बिऱ्हाडं बदलली होती. आता तिला स्वतःचं घर हवं होतं, आणि एक जुना फ्लॅट तिच्या मनात भरला होता. उजेडाची खिडकी तर अगदी मशीनसाठीच बांधल्यासारखी.

मी नोंदणी कार्यालयात गेल्या तीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या. बिल्डरकडून पहिल्या मालकाकडे, त्याच्याकडून विक्रेत्याच्या वडिलांकडे, दोन्ही करार नोंदवलेले. गहाणखत कुठंच नव्हतं. फ्लॅटवर कुणाचा बोजा नाही, असं सोसायटीनंही लेखी दिलं. घोडं अडलं ते पुढंच. वडिलांकडून मुलाकडे घर आल्याचा एकही कागद नव्हता.

"हे काय, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागे माझंच नाव आहे की!" विक्रेता म्हणाला. सभ्य माणूस, खोटं बोलणारा नव्हे.

"ते तुम्ही नॉमिनी होता म्हणून लागलं. नॉमिनी घर सांभाळतो, मालक होत नाही. मृत्युपत्र आहे?"

"नाही."

"भाऊ-बहीण?"

त्यानं सर्टिफिकेट पुन्हा पाकिटात घातलं. आई नव्हती. एक बहीण होती, वडील गेल्यापासून बोलणं बंद.

सौदा जुळवणारा दलाल मध्ये पडला. "ताई, पुढं कुणी हक्क सांगितला तर जबाबदारी माझी, असं प्रतिज्ञापत्र घेऊ की त्याच्याकडून! दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

मावशीचा चेहरा पडला, आणि मला माझ्याच धंद्याचा राग आला. तरी मी नकारार्थी मान हलवली. उद्या बहिणीनं दावा लावला तर मावशीला पुन्हा मशीन उचलावं लागलं असतं.

"दुसऱ्याला द्यायचं तर द्या," मावशी विक्रेत्याला म्हणाली. "पण बहिणीला फोन मात्र करा हो. घरासाठी नाही म्हणत मी."

दलालाचं गिऱ्हाईक काही आलं नाही. बहीण आली. भावानं आपल्याला डावललं म्हणून ती रुसली होती, आणि ती मागेल ते द्यावं लागेल म्हणून तो मूग गिळून बसला होता. तिला निम्मा वाटा हवा होता, तो तिचा होताच. वारसाचा दाखला निघाला आणि दोघांनी मिळून विक्रीच्या करारावर सह्या केल्या. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर भावानं तिच्यासाठी जागा धरली, त्यावरूनही दोघं थोडं भांडले.

यथावकाश सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवर मावशीचं नाव लावलं. मी ते घेऊन गेले तेव्हा ती भिंतीला खिळा ठोकत होती.

"अगं, विचारायचं तरी," मी सवयीनं म्हणाले.

"कुणाला?" मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली.