सरळ केलेली भिंत

नाशिकच्या जुन्या दगडी वाचनालयाच्या लेझर स्कॅनवरून रविराजने देखभालीसाठी संगणकावर मॉडेल बनवलं होतं. ते तपासणाऱ्या वैष्णवीच्या जिभेला हाड नव्हतं. तिने स्कॅनने मोजलेले बिंदू मॉडेलवर चढवले, तर मागची भिंत वरच्या बाजूला चार बोटं आत झुकलेली. रविराजने मात्र सॉफ्टवेअरमधली तयार, सरळ भिंत तिथे बसवून टाकली होती. म्हणून दुरुस्तीच्या आराखड्यात नुसतं दगडांमधल्या भेगा भरायचं काम आलं होतं.

"झुकलेली भिंत सरळ केलीस?"

"सगळे असंच करतात. डोकं खाऊ नकोस," तो खेकसला.

"मग उद्या बैठकीत तिलाच टेकून बस."

बैठक वाचनालयातच होती. रविराजने आराखडा तोऱ्यात मांडला आणि बसताना खुर्ची त्या मागच्या भिंतीपासून लांब ओढली.

"का रे," वैष्णवीने सगळ्यांदेखत विचारलं, "सरळ आहे ना?"