पेंगुळलेलं, पण जागं

आमच्या घरी पाळणा एकदम दोनदा हलला. जुळी झाली, आधी मुलगी आणि काही मिनिटांनी तिच्या पाठोपाठ मुलगा. मी दिग्रसच्या एका शाळेत शिकवतो, बायको बँकेत. तिची रजा जूनमध्ये संपणार होती आणि त्यानंतर दिवसभर पोरांजवळ माझी याडी, म्हणजे आई, तांड्यावरून येऊन राहणार होती. म्हातारी एक आणि पोरं दोन. दोघंही कडेवरच झोपायची. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना गादीवर आपलं आपण झोपायला शिकवायचं, असं आम्ही ठरवलं.

युक्ती सुचवली मेव्हणीनं. ती नागपूरला असते, एका मुलाची आई आहे आणि फोनवर फार खात्रीनं बोलते. "बाळ पेंगुळलं की जागं असतानाच खाली ठेव. झोपवून ठेवू नको."

"जागं ठेवायचं तर मग हलवायचं कायले?" मी बायकोला विचारलं.

ती यवतमाळच्या नोकरदार घरातली. प्रत्येक गोष्ट नीट समजावून सांगायची तिला सवय. म्हणाली, "अहो, तुम्ही रात्री घरात झोपलात आणि जाग आली तेव्हा अंगणात असलात, तर ओरडणार नाही का? बाळांची झोप सारखी उथळ होते, थोडीशी जाग येते. डोळे मिटताना होतं तसंच सगळं दिसलं तर परत झोपतात. मिटताना आईची कूस आणि उघडताना गादी, म्हणजे हाक मारतात."

मला पटलं. खुणाही तिनंच सांगितल्या. पापण्या सावकाश मिटायला लागतात, नजर एका जागी थिजते, मूठ सैल होते. तेवढ्यात उचलून पाठीवर ठेवायचं. गादी सपाट, उशी नाही, पांघरुणाचा ढीग नाही.

पहिला प्रयोग मुलीवर. दूध पिऊन झालं होतं, ढेकर निघाला होता, कूलर घरघरत होता. पापण्या जड झाल्या तसं मी तिला खाली ठेवलं. तिनं डोळे उघडले, पंख्याकडे बघितलं, दोन बोटं तोंडात घातली आणि थोडी कुरकुर करून झोपून गेली. मी दारातून बघत होतो. इतका खूश झालो की शाळेतल्या मित्राला फोन लावला. "अरे, काहीच नाही त्यात, जमतं," वगैरे बरंच बोललो.

मग मुलाची पाळी आली.

त्याच्याही पापण्या जड झाल्या, मूठ सैल झाली. मी त्याला गादीकडे नेलं. पाठ टेकते न टेकते तोच दोन्ही हात झटकन पसरले, पडल्यासारखा दचकला आणि असा ओरडला की बहीणही उठली. परत घेतलं, शांत झाला. परत ठेवलं, ओरडला. दुसऱ्या दिवशी आधी पाय टेकवले, मग कंबर, शेवटी डोकं. छातीवर हात ठेवून बसलो. त्यानं टक्क डोळे उघडले. पेंग कुठल्या कुठं गेली होती आणि आता त्याला खेळायचं होतं.

"तुम्ही उशीर करता," बायको म्हणाली. तिनं लवकर ठेवून बघितलं. तो हसला, पाय झाडले आणि थोड्या वेळानं रडायला लागला. "तू घाई करतेस," मी म्हणालो. आठवडाभर आमचं हेच चाललं. मेव्हणी रोज विचारायची आणि रोज म्हणायची, "तुम्ही एकसारखं करत नसाल." एका दुपारी तिचा फोन ठेवून बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मुलीला जमतंय आणि मुलाला नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिनं धरून घेतलं होतं.

तेवढ्यात याडी आली. एसटीतून उतरली ती पोरांचं डोकं गोल व्हावं म्हणून शिवलेली राईची उशी घेऊनच. तिचं पोतडं कोपऱ्यात आणि नातू मांडीवर. "काहून रडवून राह्यले त्याले? दे इकडं." पाय हलवत गुणगुणली आणि तो झोपला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग तिनं त्याला हळूच खाली सरकवायला घेतलं आणि परत तोच भोंगा. असं दोनदा झालं. शेवटी दुपार कलेपर्यंत ती भिंतीला टेकून तशीच बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, पानी दे. पाय मेला माहा."

"तुमच्या मुलाचं असंच होतं का?" बायकोनं विचारलं.

"याचं?" याडीनं माझ्याकडे बोट केलं. "याले तर कुठंही टाकलं तरी झोपे. कापसाच्या ढिगाजवळबी. याच्या बहिणीनं मात्र रडवलं मले."

लसीच्या दिवशी आम्ही डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मुलाचं वजन बघितलं. दूध उलटतं का, पिताना अंग ताणतो का, आडवं केलं की खोकतो का, विचारलं. तसं काहीच नव्हतं. राईची उशी मात्र त्यांनी हात हलवूनच नाकारली, याडीचं तोंड एवढंसं झालं.

"दोघं एकाच पोटातली, घर सारखं, आईबाप तेच," बायको म्हणाली. "मग यालाच का जमत नाही?"

"कारण तो तो आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमची मुलगी जागेपणातून झोपेत सावकाश जाते. मध्ये थांबते, तिथं तुम्हाला ठेवायला जागा मिळते. याला ती जागाच नाही. तुम्हाला पेंग दिसते तेव्हा तो बहुतेक झोपेत शिरलेला असतो, आणि हलवलं की उठतो. कधी जास्त थकलेला असतो, मग तर शांतच होत नाही. ही युक्ती आहे, औषध नाही. सगळ्यांना लागू पडत नाही."

"मग करायचं काय?"

"सकाळच्या पहिल्या झोपेला एकदा ठेवून बघा. नाही झालं तर घ्या, झोपवा, गाढ झाला की पाठीवर ठेवा. त्यानं बिघडत नाही. आणि दुसऱ्यांच्या पोराशी तुलना नको. घरातल्याही."

बाहेर आल्यावर ऊन डोक्यावर होतं आणि बायको कित्येक दिवसांनी हसत होती. रिक्षातच तिनं बहिणीला फोन लावला. "ताई, आमच्याकडे एक तू सांगतेस तसं झोपतं आणि एक नाही. झालं." आणि ठेवून दिला.

जूनमध्ये ती कामावर गेली. घरात काय चालतं ते बघायला मी एकदा मधल्या सुट्टीत येऊन गेलो. याडीनं आधी नातीला गादीवर ठेवलं, जागीच, आणि तिच्याकडे बघितलंही नाही. ती बोटं चोखत पंखा बघत राहिली. मग याडी दोन्ही हात मोकळे करून नातवाला घेऊन बसली. दोन पोरं एका म्हातारीला जमतील कशी, या काळजीत आम्ही सुट्टी घालवली होती. एकीला युक्ती जमत होती म्हणूनच दुसऱ्याला मांडी परवडत होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुलगा माझ्याकडे होता आणि मुलीनं लंगोट भरला. मी त्याला टक्क जागा असताना गादीवर ठेवून तिला धुवायला नेलं. परत आलो तर तो कुशीवर वळून झोपलेला. मी लगेच मोबाईल काढला. बायकोला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच गादीवर, अगदी तसाच ठेवला. शेजारचे विचारायला आले, काय झालं म्हणून.

आता दोघं बालवाडीत जातात. मुलगी सांगितलं की झोपते. मुलाला अजून कोणाचा तरी हात धरायला लागतो. तो बहुतेकदा माझाच असतो, आणि बरेचदा त्याच्याआधी मीच झोपतो.