चर्चा पद्धतीवरचं व्याख्यान

बी.एड. कॉलेजात जन्म घालवून माणसाचं काय होतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, घसा बसतो आणि मान आखडते. घसा शिकवून बसतो आणि मान निबंध तपासून आखडते. बाकी जे काही होतं ते हळूहळू होतं आणि आपल्या लक्षात येत नाही. माझ्या लक्षात आलं ते निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, तेही एका विद्यार्थिनीमुळे.

मी रहिमतपूरहून साताऱ्याला एसटीने जा-ये करायची. खिडकीची जागा मिळाली की मांडीवर पर्स, पर्सवर निबंधांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. त्या खेपेचा प्रश्न असा होता : ‘व्याख्यान पद्धती आणि चर्चा पद्धती यांची तुलना करा. कोणत्या अध्ययनार्थींसाठी कोणती पद्धत केव्हा योग्य ठरते, ते सोदाहरण लिहा.’ वीस गुण. दहाच्या खाली गेलं की निबंध पुन्हा लिहायचा, आणि तो पास झाल्याशिवाय परीक्षेच्या फॉर्मवर प्राचार्य सही करत नसत. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती.

पन्नास निबंध होते आणि खरं सांगायचं तर एकच निबंध पन्नासदा होता. व्याख्यान पद्धती शिक्षककेंद्री, चर्चा पद्धती विद्यार्थीकेंद्री. व्याख्यानात विद्यार्थी निष्क्रिय, चर्चेत सक्रिय. व्याख्या, फायदे, मर्यादा, शिक्षकाची भूमिका, समारोप. समारोपात सगळ्यांचं एकमत, की चर्चा पद्धती सर्वश्रेष्ठ. ‘केव्हा योग्य’ या भागाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. वाचून वाचून माझं डोकं उठलं. गाइडवाल्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग आठवलं की हे मुद्दे गाइडमधले नाहीत, माझेच आहेत. चर्चा पद्धतीचे फायदे मी सलग दोन तास उभी राहून सांगितले होते, मुद्दे उतरवून दिले होते, आणि त्या दोन तासांत वर्गात एकालाही तोंड उघडू दिलं नव्हतं. पोर्शन संपवायचा होता.

त्यात एक निबंध वेगळा निघाला. तो जतकडच्या एका विद्यार्थिनीचा होता. तिशी ओलांडलेली, लग्न झालेली. घरची मेंढरं, आता थोडी शेतीही. दोन मुलं सासूपाशी ठेवून साताऱ्यात खोली करून राहिलेली. वर्गात कधी बोलायची नाही. कधी म्हणजे कधीच नाही. निबंधात शीर्षकं नव्हती, व्याख्या नव्हती, सुरुवातच गावातल्या एका दुपारपासून होती. मी कोरेगाव येईपर्यंत तो भराभर वाचला, वीसपैकी आठ दिले आणि खाली लिहिलं, ‘मुद्देसूद नाही. पुन्हा लिहा.’ त्या वेळी मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. मला चहा हवा होता.

सोमवारी निबंध वाटले. तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली.

“मॅडम, काय चुकलं ते सांगता का?”

“अहो, व्याख्या कुठाय? फायदे कुठायत? मर्यादा?”

“समदं हाय की मॅडम त्यात. निस्ती हेडिंगं दिली न्हाईत.”

“परीक्षकाला हेडिंगं दिसावी लागतात.”

 तिने निबंध माझ्या टेबलावर ठेवला. “एकदा परत वाचा. निवांत वाचा. मग लिवते दुसरा.”

मला रागच आला. ‘निवांत’ म्हणे! निवांतपणा असता तर मी मुळात लाल पेन घेऊन एसटीत कशाला बसले असते? निबंध पर्समध्ये कोंबला आणि विसरून गेले.

बुधवारी वेळापत्रकात ‘गटचर्चा’ होती. हा उपक्रम वर्षातून एकदा व्हायलाच हवा असतो, कारण त्याचा फोटो फाइलला लागतो. हॉलमध्ये पन्नास जणांना गोल बसवलं. विषय फळ्यावर लिहिला : ज्ञानरचनावादी वर्गातील शिक्षकाची भूमिका. ज्ञानरचनावाद म्हणजे मूल ज्ञान नुसतं ऐकून घेत नाही, आपल्या अनुभवातून स्वतः रचतं. शिपायाने दोन फोटो काढले. मग मी म्हणाले, “हं, बोला.”

कुणीच बोललं नाही. नंतर नेहमीचे चौघे बोलले. एक वक्तृत्व स्पर्धावाला, तो कुठल्याही विषयावर बोलतो. एक पाटणचा, त्याने कोट्या केल्या. दोघी एकमेकींना दुजोरा देत राहिल्या. बाकीचे सेहेचाळीस जण फोटोला बसल्यासारखे बसून होते. वीस मिनिटांत चर्चा ज्ञानरचनावादावरून मोबाइलवर आणि मोबाइलवरून हल्लीच्या पालकांवर गेली. माझा संयम सुटला. “पुरे. लिहून घ्या,” असं म्हणून मी उरलेला अर्धा तास एकटीच बोलले. वर्गाने सुटकेचा श्वास टाकला आणि वह्या उघडल्या.

परतीच्या गाडीत पेन शोधताना तो निबंध हाताला लागला. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती, त्यामुळे निवांतपणा आयताच मिळाला.

तिने लिहिलं होतं ते असं. गावात सरकारी पशुवैद्य आला, मेंढरांच्या एका नव्या लशीची माहिती द्यायला. सगळी माणसं देवळापुढे जमली. त्या लशीबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं, म्हणून तो अर्धा तास एकटा बोलला आणि सगळ्यांनी ऐकलं. ‘त्याने आम्हाला चर्चा करा म्हटले असते तर आम्ही कशावर केली असती? ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला आधी काहीतरी द्यावे लागते. विषय नवा, माणसे पुष्कळ आणि वेळ थोडा असेल तर व्याख्यान बरे. पण त्याने मधे एकदाही थांबून विचारले नाही. त्यामुळे गाभण मेंढीला लस चालते की नाही हे निम्म्या लोकांना कळले नव्हते आणि ते त्यालाही कळले नाही. लहान मुले तर दहा मिनिटांत उठून गेली.’

मग पशुवैद्य गेला आणि कुणाचा कळप आधी, कुणाचा नंतर, रानात जाण्याआधी टोचायचं की आल्यावर, यावर तासभर बोलणं झालं. ‘इथे प्रत्येकजण बोलला, कारण प्रत्येकाला आपापली मेंढरे माहीत होती आणि उत्तर एकच नव्हते. अशा वेळी चर्चाच योग्य. तिला वेळ लागतो, आणि कुणीतरी जुने माणूस विषयावर आणणारे लागते, नाहीतर भांडण होते.’

आणि शेवटी : ‘आम्ही बायका मागे बसलो होतो. मेंढरांचे दुखणे आम्हीच काढतो, पण आम्हाला कुणी विचारले नाही. पुढचे बोलत होते, आम्ही ऐकत होतो. म्हणजे आमच्यासाठी ती चर्चा नव्हती, व्याख्यानच होते, फक्त बोलणारे जास्त होते. आपल्या वर्गातही असेच होते.’

मी पान मिटलं. मला लाज वाटली, पण ती बाळगण्याइतकीही ताकद उरली नसावी इतकी मी थकले होते. दुपारी हॉलमध्ये जे झालं ते या बाईने आठवडाभर आधी लिहून माझ्या हाती दिलं होतं आणि मी तिला आठ गुण दिले होते.

गुरुवारी मी वेगळं करून पाहिलं. सहा-सात जणांचे गट केले. विषय दिला : सराव पाठात तुमची सगळ्यात मोठी फजिती कोणती आणि ती का झाली? आधी दोन मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, मग गटात एकेकाने सांगायचं, सगळ्यांचं झाल्याशिवाय दुसऱ्यांदा कुणी बोलायचं नाही. गेल्याच महिन्यात सगळे शाळांमधून हात पोळून आले होते, त्यामुळे सांगायला प्रत्येकाजवळ होतं. हॉलमध्ये नुसता कालवा. वक्तृत्ववाल्याला प्रथमच ऐकावं लागलं. मी फिरत फिरत तिच्या गटामागे उभी राहिले.

“म्या गावाकडच्या शाळंत आठवीला धरणाचे फायदे-तोटे चर्चेला दिले,” ती सांगत होती, “आन् पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली. आमच्याकडं धरान बघितलंय कुणी? मग म्या खडू घेतला, चित्र काढलं, समजावलं. निरीक्षकांनी शेरा दिला, पाठ आदी लिवलेल्या टाचणाप्रमाणं न्हाई.”

तो शेरा माझा नव्हता. पण माझा असता तर मी तोच दिला असता.

शेवटची वीस मिनिटं मी त्यांच्याच फजित्यांची उदाहरणं घेऊन ज्ञानरचनावाद समजावला. दोनदा थांबले, विचारलं, परत सांगितलं. ऐकत होते. इतक्या वर्षांत आपलं व्याख्यान कुणी ऐकतंय असं मला फार थोड्या वेळा वाटलं असेल.

शुक्रवारी सकाळी मी तिचा निबंध काढला, आठ खोडून अठरा केले, ‘पुन्हा लिहा’वर काट मारून सही केली. तिला बोलावून घेणार, तोवर तीच आली. हातात नवी पानं होती.

“लिवला, मॅडम.”

मी पाहिला. व्याख्या, फायदे, मर्यादा, शिक्षकाची भूमिका. शीर्षकांखाली पट्टीने रेघा. मेंढरं नाहीत, पशुवैद्य नाही, मागे बसलेल्या बायका नाहीत. समारोपात लिहिलं होतं, ‘अशा प्रकारे चर्चा पद्धती सर्वश्रेष्ठ आहे.’

“हे पटतं तुम्हाला?” मी विचारलं.

“मॅडम, उद्या फॉर्म भरायचाय.”

मी पहिला निबंध तिच्यापुढे सरकवला. तिने खोडलेला आठ पाहिला, अठरा पाहिले. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, “मग फायलीला कुठला लावू?”

अंतर्गत गुणांच्या फायली तपासायला विद्यापीठाची समिती येते. समितीकडे गुणांचा तक्ता असतो. व्याख्येला दोन, फायद्यांना चार, मर्यादांना चार, असे वीस. तो तक्ता आमच्याच कॉलेजात, माझ्याच अक्षरात झालेला. पहिला निबंध लावला आणि त्यांनी गुण कापले तर तिचं वर्ष जाईल, माझं काही जाणार नाही. मी भांडले असते का? दहा वर्षांपूर्वी कदाचित. त्या दिवशी मी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“दुसरा,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. तिने नवा निबंध माझ्या सहीसाठी पुढे केला. मी सोळा दिले, तक्त्याप्रमाणे. ती पानं फायलीला लावून दारापर्यंत गेली आणि परत आली.

“पयला तुमीच ठेवा, मॅडम. तुमी वाचला तेवढं बास झालं मला.”

ती पास झाली. पहिला निबंध माझ्याजवळ आहे. निवृत्त होईपर्यंत दोन्ही वर्षं हा धडा आला की मी तो वर्गात वाचून दाखवत असे. सगळे शांतपणे ऐकत. मग त्याच प्रश्नावर निबंध लिहून आणत, शीर्षकं देऊन, आणि मी ते तक्त्याप्रमाणे तपासत असे.